खर्चाची यादी आणि महिन्याचे अंदाजपत्रक

घरखर्चाची यादी गेल्या महिन्यात पैसे कुठे गेले ते सांगते. पुढच्या महिन्यात ते किती जाऊ द्यायचे, हे त्या यादीतून निघत नाही. त्यासाठी आधी तीन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात: हाती येते किती, बांधील खर्च कोणते आणि शिल्लक नेमकी कशासाठी हवी.

नाशिकमधल्या एका कल्पित चौघांच्या कुटुंबाची यादी ३८,००० रुपयांची आहे. त्यात घरभाडे १२,०००, दुचाकीचा हप्ता ३,५००, बाहेरचे खाणे २,५००, पेट्रोल ३,००० आणि बाकी किराणा, दूध-भाजी, वीज, गॅस, औषधे, मोबाइल. उत्पन्न म्हणून पगारपत्रकावरचा मोठा आकडा धरू नये. भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर कापून खात्यात जमा होते तीच रक्कम खरी. इथे ती ४२,००० आहे. ज्यांची कमाई दरमहा बदलते, त्यांनी सरासरीऐवजी वर्षातल्या पडत्या महिन्यांचा आकडा धरलेला बरा.

यावरून दरमहा ४,००० उरतात असे वाटते, पण यादी एकाच महिन्याची आहे. जूनमधली शाळेची फी ३०,०००, विम्याचा हप्ता १२,००० आणि दिवाळीचे १८,००० तिच्यात आलेलेच नाहीत. बहुतेक घरांचा हिशेब इथेच चुकतो, आणि जून उजाडला की उसनवारी सुरू होते. या ६०,००० रुपयांचे दरमहा ५,००० पडतात. म्हणजे शिल्लक तर नाहीच, उलट १,००० रुपयांची तूट आहे.

आता बचतीचे उद्दिष्ट. अडीअडचणीसाठी वीस महिन्यांत ६०,००० साठवायचे, तर दरमहा ३,००० हवेत. तूट धरून एकूण ४,००० रुपयांची सोय करायची आहे. भाडे, फी आणि हप्त्याला हात लावता येत नाही. बाहेरच्या खाण्यातून १,००० आणि पेट्रोलमधून ५०० निघतात. किराण्यावर कात्री चालवली तर ती दोन महिनेही टिकत नाही. तूट भरून जेमतेम ५०० उरतात.

अशा वेळी बांधील खर्चाबद्दल आणखी एक गोष्ट विचारायची: तो कधी संपतो? दुचाकीचे आठच हप्ते राहिले असतील, तर आठ महिन्यांत ४,००० जमतील आणि नंतर दरमहा ४,००० बाजूला पडतील. उरलेले ५६,००० जमायला चौदा महिने लागतील. उद्दिष्ट विसाव्याऐवजी बाविसाव्या महिन्यात गाठले जाईल, आणि तेही आणखी काटकसर न करता. मात्र नवव्या महिन्यापासून हप्त्याच्याच तारखेला तेवढ्याच रकमेचे आवर्ती ठेव खाते सुरू करावे लागते. नाहीतर हे ३,५०० रुपये किरकोळ खर्चात विरतात आणि पुढच्या यादीत कुठेच दिसत नाहीत.