घन की धन?

गणिताच्या वहीत ‘२७ ही धन संख्या आहे’ असं लिहिलंय. घाईत ‘ध’च्या डोक्यावरची गाठ राहून गेली आणि शिरोरेषा सलग ओढली गेली, तर फोटोवरून मजकूर उतरवणारं एआय साधन ते ‘घन’ वाचू शकतं. २७ हा ३ चा घन असल्याने वाक्य तरीही खरंच ठरतं, म्हणून संदर्भावरून चूक पकडता येत नाही. अशा वेळी चांगलं साधन शब्दापुढे शंकेची खूण करतं आणि विचारतं: जसाच्या तसा स्वच्छ मजकूर हवा की सारांश? सारांशात मूळ ओळच उरत नाही, मग चूक शोधायची कुठे? म्हणून आधी मजकूर मागा, वहीशी ताडून पाहा, सारांश नंतर.