फोटोत कापलेलं अक्षर, फोटोत कापलेला आकडा

संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरावपत्रिकेचा फोटो येतो. कुणीतरी तो घाईत काढलेला असतो आणि कागदाची एक कड चौकटीबाहेर राहिलेली असते. बीजगणिताचा कागद असता तर बहुतेक वेळा समासच गेला असता, कुणाचं काही अडलं नसतं. भूमितीत मात्र शिरोबिंदूंची नावं आणि बाजूंची मापं आकृतीच्या बाहेरच्या अंगाला लिहितात, त्यामुळे कड गेली की आधी नेमकं तेच जातं. मग गणित सोडवायला बसलेलं मूल एकतर ‘आकृती दिसत नाही’ म्हणून वही मिटतं, नाहीतर उरलेल्या अर्ध्या अक्षरावरून काहीतरी समजून घेऊन पुढे जातं. यातला दुसरा प्रकार जास्त नुकसान करतो, कारण चुकीच्या मापावर केलेलं गणित वरवर अगदी व्यवस्थित दिसतं.

सगळ्यात आधी फोटो खरंच कापलेला आहे का, ते बघावं. उभ्या, लांबट फोटोची वरची आणि खालची बाजू चॅटमधल्या छोट्या चित्रात दिसत नाही. फोटोवर बोट ठेवून तो पूर्ण उघडला की कधीकधी ‘हरवलेलं’ अक्षर समोर येतं. स्कॅन करणारं अ‍ॅप कागदाची कड स्वतः ओळखून बाकीचा भाग छाटून टाकतं, तेव्हा पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये मूळ फोटो पूर्ण असू शकतो. तो मागवणं हा सगळ्यात सरळ उपाय. पण रात्री दहाला उत्तर देणारं कुणी नसतं आणि गृहपाठ सकाळी दाखवायचा असतो. त्या वेळी काय करायचं, हे एका आकृतीवरून पाहू.

दहावीच्या ‘समरूपता’ या प्रकरणातली अगदी नेहमीची आकृती घ्या. एक त्रिकोण आहे, वरच्या शिरोबिंदूला A. डाव्या बाजूवर D, उजव्या बाजूवर E आणि त्यांना जोडणारी आडवी रेख DE. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात C. मापं अशी दिसतात: AD शेजारी 3, AE शेजारी 4, EC शेजारी 6, आणि DE वर 5. फोटोची डावी कड कापली आहे. त्रिकोण खाली पसरत जातो, म्हणून वरचा AD चा भाग वाचला आणि खालचा डावा कोपरा सापडला. तिथे आता दोन गोष्टी उरल्या आहेत. कोपऱ्याजवळ ‘3’ सारखं काहीतरी, आणि DB या तुकड्याच्या मध्यावर नुसतं ‘.5’. प्रश्न असा आहे: रेख DE || बाजू BC, तर BC काढा आणि A(∆ADE) : A(□DBCE) हे गुणोत्तर काढा.

कोपऱ्यातला तो ‘3’ हा आकडा नाहीच. B या अक्षराची डावी उभी रेघ कापली गेली की दोन पोटं उरतात आणि ती 3 सारखीच दिसतात. हे ओळखायला जागा बघायची. शिरोबिंदूचं नाव कोपऱ्याच्या टोकाशी, आकृतीच्या बाहेर असतं. लांबीचं माप बाजूच्या साधारण मध्यावर असतं. कोनाचं माप कोपऱ्याच्या आत, दोन भुजांच्या मध्ये असतं. कोपऱ्याबाहेर एकटा उभा असलेला 3 कशाचंच माप असू शकत नाही. खालची कड कापली असेल तर अशीच फसगत वेगळ्या अक्षरांत होते: R चा पाय गेला की P दिसतो, Q ची शेपटी गेली की O, E ची खालची आडवी रेघ गेली की F. एका आकृतीत एकच अक्षर दोन बिंदूंना देत नाहीत, त्यामुळे वर्तुळाचा केंद्रबिंदू O असताना परिघावर आणखी एक O दिसला, तर तो बहुधा Q असतो.

नाव परत मिळवण्याचं खरं ठिकाण म्हणजे प्रश्नाचं वाक्य. त्यात बाजू BC म्हटलं आहे, C दिसतो आहे, तेव्हा पायाचं दुसरं टोक B च. ‘□PQRS’ असं लिहिलेलं असेल तर नावं एका दिशेने फिरत जाताना ओळीने येतात. तीन शिरोबिंदू वाचता आले तर चौथा सांगावा लागत नाही. P आणि R हे समोरासमोरचे दोनच दिसत असतील तर Q आणि S यांची जागा दोन प्रकारे बसते. अशा वेळी दोन्ही प्रकारे आकृती काढून बघावी. उत्तर दोन्हीकडे तेच आलं तर प्रश्नच नाही. पाठ्यपुस्तकातली A-D-B अशी लिहिण्याची पद्धतही कामाला येते. तिचा अर्थ D हा A आणि B यांच्या मधे आहे. कापलेलं अक्षर परत मिळतं ते यामुळे: नाव वाक्यात पुन्हा येतंच, कारण त्याच्याशिवाय प्रश्न विचारता येत नाही.

आकड्याचं तसं नाही. तो बहुतेक वेळा फक्त आकृतीत असतो. ‘.5’ च्या डावीकडे कोणता अंक होता हे डोळे बारीक करून कळणार नाही. म्हणून आधी विचारायचं की हा आकडा लागतो का. आपल्या प्रश्नात BC हवी आहे. DE || BC असल्यामुळे ∠ADE आणि ∠ABC हे संगत कोन एकरूप, ∠A दोन्ही त्रिकोणांत सामाईक, म्हणून ∆ADE ~ ∆ABC. आता AC = 4 + 6 = 10.

AE/AC = DE/BC, म्हणजे 4/10 = 5/BC, म्हणून BC = 12.5

क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं, म्हणजे 4² : 10² = 16 : 100 = 4 : 25. पूर्ण त्रिकोणाचे 25 भाग मानले तर वरच्या त्रिकोणाचे 4 आणि खालच्या समलंब चौकोनाचे 21, तेव्हा उत्तर 4 : 21. DB कुठेच आला नाही. ज्या आकड्यासाठी मूल अडून बसलं होतं, तो या गणिताला लागतच नव्हता.

लागला असता तरी इथे तो मिळाला असता. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाने AD/DB = AE/EC, म्हणजे 3/DB = 4/6, म्हणून DB = 4.5. आणि आता कडेला उरलेला तो ‘.5’ बघा. काढलेल्या उत्तराची शेपटी कागदावरच्या शेपटीशी जुळते. हा ताळा फार मोलाचा आहे, कारण तो फोटोतूनच आला आहे. उत्तर 4.2 आलं असतं तर कुठलंतरी दुसरं माप आपण चुकीचं वाचलं आहे, हे तिथेच कळलं असतं. अर्धवट अंक म्हणूनच खोडून टाकू नये. वहीत कच्च्या आकृतीवर तो दिसतो तसा उतरवून ठेवावा.

आता आकृती तीच ठेवू, मापंही तीच, फक्त DE वरचा 5 काढून टाकू आणि प्रश्न बदलू: रेख DE ही बाजू BC ला समांतर आहे का ते ठरवा. पाठ्यपुस्तकात हे दोन प्रकार लागोपाठ येतात, एक मूलभूत प्रमेयाचा आणि दुसरा त्याच्या व्यत्यासाचा. युक्लिडने इ.स.पू. 300 च्या सुमारास लिहिलेल्या ‘एलिमेंट्स’च्या सहाव्या खंडात ही दोन्ही विधानं एकाच साध्यात, दुसऱ्या क्रमांकावर, सोबत मांडली आहेत. सोबत असली तरी ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, आणि कापलेला फोटो नेमका इथे घात करतो. मूल म्हणतं, DB दिसत नाही ना, मग मघासारखं काढू: 3/DB = 4/6, DB = 4.5. मग 3/4.5 = 4/6, गुणोत्तरं समान, म्हणून DE || BC. शेवटचा ‘.5’ सुद्धा जुळतो! तरीही ही सिद्धता पोकळ आहे. 3/DB = 4/6 हे लिहिताना समांतरता आधीच गृहीत धरली, आणि तीच शेवटी सिद्ध झाली म्हणून सांगितली. इथे DB हा स्वतंत्र पुरावा आहे. तो 4.5 असू शकतो, 3.5 असू शकतो, 5.5 असू शकतो. उरलेल्या तीन मापांतून तो ठरत नाही.

हे चटकन ओळखायची एक रीत मी मुलांना सांगतो. हरवलेल्या आकड्याच्या जागी वेगळा आकडा घालून आकृती काढून बघायची. DE || BC हे दिलेलं असताना DB = 3.5 घेऊन आकृती काढायला बसलात तर ती जुळतच नाही, रेषा समांतर राहत नाही. म्हणजे तिथे आकडा बाकीच्या माहितीने बांधलेला आहे, तो काढता येतो. समांतरता दिलेली नसताना 3.5 घेऊनही आकृती बिनतक्रार होते. म्हणजे आकडा मोकळा आहे, आणि तो कागदावरूनच यायला हवा.

मग काहीजण पट्टी घेऊन स्क्रीनवर मोजतात. ते टाळावं, आणि त्याचं कारण ‘आकृती प्रमाणात नसते’ एवढंच नाही. फोन तिरका धरून काढलेल्या फोटोत कागदावरच्या समांतर रेषा एका बाजूला जवळ येत जातात, काटकोन काटकोन राहत नाही, मध्यबिंदू मध्यावर दिसत नाही आणि वर्तुळ लांबट होतं. टिकतं ते वेगळं. सरळ रेषा सरळच राहते, कोणता बिंदू कोणत्या रेषेवर आहे हे बदलत नाही, रेषेवरचा बिंदूंचा क्रम बदलत नाही, आणि स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते. फोटोवरून एवढंच खात्रीने घ्यावं. समांतरपणासाठी बाणाच्या खुणा, एकरूपतेसाठी बाजूवरच्या आडव्या रेघा, काटकोनासाठी कोपऱ्यातला छोटा चौकोन यांच्यावर विसंबावं. त्या खुणा कापल्या गेल्या असतील तर प्रश्नाचं वाक्य. डोळ्यांना ‘समांतर दिसतं’ हे कशाचंच कारण होत नाही.

कोनांच्या बाबतीत मात्र अंदाजाला थोडी जागा आहे. डावी कड कापली की 110° चा 10° होतो. आकृतीत कोन ठळकपणे विशाल असेल तर तिथे 10° लिहिलेलं नसणार, एवढं म्हणायला तिरका फोटोही पुरतो. पण पुढे 110, 120 की 130 हे दिसण्यावरून ठरवू नये. चौकोन चक्रीय असेल आणि समोरचा कोन 70° वाचता येत असेल, तर बेरीज 180° हवी, म्हणून 110°.

मोकळ्या आकड्याचं गणित सोडून द्यायचं नसतं. DB = x मानावं आणि अट लिहावी: 3/x = 4/6 असेल, म्हणजे x = 4.5 असेल, तरच DE || BC. शेजारी स्पष्ट नोंद करावी, ‘फोटोत DB चं माप अर्धवट आहे, .5 एवढंच दिसतं’. तपासणाऱ्या बाईंना किंवा सरांना यात व्यत्यास येतो की नाही हे पुरतं दिसतं, आणि सकाळी पूर्ण कागद हाती आल्यावर फक्त एक ओळ जोडावी लागते. तिथे 3.5 छापलेलं निघालं, तर 3/3.5 = 6/7 आणि 4/6 = 2/3; गुणोत्तरं समान नाहीत, म्हणून रेख DE ही बाजू BC ला समांतर नाही.