बॅगेला उशीर होतोय

विमानतळावरच्या पट्ट्यावर आपली बॅग आलीच नाही, ही गोष्ट सांगताना बहुतेक जण पहिल्याच वाक्यात कपाळाला हात लावतात. पायाखालची जमीन सरकली, नुसता गोंधळ, विचारू नका! ऐकणाराही मग विचारत नाही. तो मान डोलावतो आणि स्वतःच्या हरवलेल्या बॅगेची गोष्ट कधी सुरू करता येईल याची वाट बघतो. सगळं आश्चर्य सांगणाऱ्यानेच करून टाकलेलं असतं, ऐकणाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही.

आता हाच प्रसंग दुसऱ्या एका निवेदकाच्या तोंडी देऊन पाहू. हा निवेदक मी कल्पलेला आहे. तो म्हणतो: ‘पट्टा फिरत होता. त्यावर एक निळी बॅग होती. ती माझी नव्हती. सातव्या फेरीला मला तिच्याबद्दल थोडी आपुलकी वाटू लागली.’

इथे उद्गारचिन्ह नाही, हताश झाल्याचा उल्लेख नाही. ‘सातव्या’ या शब्दावरून मात्र कळतं, की हा माणूस तिथे उभा राहून फेऱ्या मोजत होता. ‘कितीतरी फेऱ्या झाल्या’ असं लिहिलं असतं तर तो माणूस दिसला नसता. आणि ‘थोडी’ काढून ‘प्रचंड’ घातलं, की विनोद संपला. भावना जेवढी असेल त्याहून कमी सांगायची आणि वस्तू मात्र जशीच्या तशी दाखवायची, एवढीच ही युक्ती. उरलेलं अंतर वाचक स्वतः भरतो आणि हसू तिथेच फुटतं.

अशा निवेदकाला तक्रारीचा काउंटर म्हणजे मेजवानीच. तिथे प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक तक्ता असतो. त्यावर बॅगांच्या प्रकारांची चित्रं आणि रंगांचे नमुने असतात, प्रत्येकाला सांकेतिक अक्षरं किंवा आकडे. आपली बॅग यांपैकी कशासारखी होती ते आठवून बोट ठेवायचं. घरात वर्षानुवर्षं असलेल्या वस्तूकडे आपण कधी नीट पाहिलेलंच नाही, हे तिथे कळतं.

‘मी तपकिरीवर बोट ठेवलं. बायकोने मरूनवर. बॅग आमच्या लग्नात आहेर म्हणून आली होती. कर्मचाऱ्याने दोघांकडे पाहिलं आणि लाल लिहिलं. मग त्याने आत काय होतं ते विचारलं. कपडे, आणि दोन किलो भाजणी, बायको म्हणाली. त्याने विचारलं, ब्रँड? ती म्हणाली, आई.’

यातला कर्मचारी मूर्ख नाही, उद्धट तर नाहीच. तो फॉर्म भरतोय, आणि बायकोही खरं तेच सांगतेय. दोघंही आपापल्या जागी बरोबर असताना वाक्यं एकमेकांच्या शेजारून निघून जातात. त्याला खलनायक केलं असतं, तर गोष्टीची तक्रार झाली असती. ‘आई’ या शब्दावर थांबणंही महत्त्वाचं. पुढे ‘यावर तो अवाक झाला’ असं लिहिणारा लेखक स्वतःच्याच विनोदावर आधी हसतो.

कधीकधी कायदाच निवेदकाचं काम करून ठेवतो. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला लागू असलेल्या मॉन्ट्रियल करारानुसार, कंपनीने स्वतः कबूल केलं नाही तर, बॅग यायला हवी होती त्या तारखेपासून 21 दिवस उलटल्यावरच ती हरवली असं धरून प्रवाशाला भरपाई मागता येते. तोपर्यंत ती उशिरा येणारी बॅग. निवेदकाने यावर टीका करायची गरज नाही. ‘बॅग हरवलेली नाही, असं मला समजावण्यात आलं. तिला उशीर होतोय. हरवायला एकवीस दिवस लागतात.’

आपल्याकडे चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःची फजिती अशीच गंभीरपणे सांगत आला. आपण हास्यास्पद आहोत याचा त्याला पत्ता नसतो, निदान तो तसं दाखवत नाही. इंग्रजीत जेरोम के. जेरोमने 1889 साली तीन मित्र आणि एका नावेच्या पुस्तकात बॅग भरण्याचाच प्रसंग रंगवला. दात घासायचा ब्रश आत टाकला की नाही, एवढाच तिथला पेच, पण त्यापायी सगळी बॅग उपसावी लागते.

ही रीत सगळीकडे चालत नाही. बॅगेत कुणाचं रोजचं इन्शुलिन असेल, तर वाचक हसण्याऐवजी घड्याळ बघेल आणि निवेदकाचा शांतपणा त्याला निर्दय वाटेल. म्हणून बॅगेत जिवावर बेतणारं काही नाही, हे लवकर कळायला हवं. भाजणी ते काम करते. दुसरा धोका तपशिलांच्या गर्दीचा. पट्ट्याचा नंबर, विमानाची वेळ, पावतीवरचे आकडे सगळं लिहिलं, की गोष्टीचा पंचनामा होतो. जो तपशील माणसाविषयी काही सांगतो तो ठेवायचा. दोन किलो राहतात, पट्टा क्रमांक चार जातो.

आणि शेवट? ‘एकोणिसाव्या दिवशी बॅग घरी आली. ती मरून होती.’ याच्यापुढे ‘बायको जिंकली’ असं एक वाक्य लिहायचा अनावर मोह होतो. लिहिलं असेल तर खोडावं.