उत्तर आलं नाही म्हणजे ‘घोस्ट’ केलं?

नाशिकमधल्या आमच्या ऑफिसात पंचविशीतली मुलं ‘घोस्ट केलं’ हे शब्द फार नेमकेपणानं वापरतात. त्यांच्याकडून ते उचलणारे माझ्या वयाचे लोक मात्र ते कुठेही चिकटवतात. सकाळी मागितलेलं कोटेशन दुपारपर्यंत आलं नाही, की पुरवठादारानं घोस्ट केलं. भाचीनं दोन दिवस फोन उचलला नाही, की तिनंही घोस्ट केलं. हे ऐकून आता खरंच वैताग येतो, कारण कामात अडकलेल्या माणसावर आपण सरळ आरोप करून मोकळे होतो.

गैरसमज : उत्तर आलं नाही, म्हणजे घोस्टिंग.

वस्तुस्थिती : मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशानं २०१७ मध्ये ‘घोस्ट करणं’ याचा अर्थ नोंदवला. त्याचा गाभा असा : चालू असलेला संपर्क एकानं अचानक, पूर्णपणे आणि बहुधा कारण न सांगता तोडणं. उशीर, विसरभोळेपणा किंवा आळस यात बसत नाही.

समजा, सातपूरच्या एका कारखान्यात एका मुलाची मुलाखत झाली, पगार ठरला आणि ‘एक तारखेला हजर होतो’ असं तो म्हणाला. अठ्ठावीस तारखेला एचआरनं कागदपत्रं मागितली, त्याचं उत्तर आलं नाही. इथे घोस्टिंग म्हणायचं काहीच कारण नाही. तो गावी गेला असेल, कागद गोळा करत असेल. एक तारखेला तो आला नाही. फोन वाजतो, पण उचलत नाही. ईमेलला उत्तर नाही. पुढचे आठ दिवस तेच. आता ऑफिसातली मुलं म्हणतात, ‘घोस्ट केलं’, आणि ते बरोबर आहे. पण त्यानं एक तारखेच्या संध्याकाळी ‘दुसरीकडे काम मिळालं, माफ करा’ एवढं कळवलं असतं, तर त्यानं शब्द मोडला असता, घोस्ट केलं नसतं. मुलाखत घेऊन, ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणून गप्प बसणाऱ्या कंपनीलाही हीच कसोटी लागू होते.

सगळा घोळ व्हॉट्सअ‍ॅपच्या खुणांवरून होतो, म्हणून त्या नीट समजून घ्या. एक करडी टिक म्हणजे निरोप गेला, पण समोरच्या फोनवर पोचला नाही. फोन बंद असेल, रेंज नसेल किंवा त्यानं ब्लॉक केलं असेल. नुसत्या टिकेवरून यातलं काय ते कळत नाही. दोन करड्या टिका म्हणजे पोचला. निळ्या म्हणजे चॅट उघडलं गेलं. पण वाचल्याची ही खूण सेटिंगमधून बंद करता येते. तशी ती बंद ठेवणारा माणूस तुमचा प्रत्येक निरोप वाचत असला, तरी टिका करड्याच राहतात. (ग्रुपमध्ये मात्र ती बंद होत नाही.) आणि निळी टिक आली, तरी तिचा अर्थ ‘उघडलं’ एवढाच, ‘उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं’ हे त्यात कुठेही नाही.

गैरसमज : ही फक्त प्रेमप्रकरणांची भाषा आहे. डेटिंगमधून ती रुळली हे खरं. पण अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या डिसेंबर २०१८ च्या ‘बेज बुक’ अहवालातही, न सांगता कामावर यायचं थांबवून संपर्काबाहेर जाणाऱ्या कामगारांसाठी हाच शब्द आला आहे.

गैरसमज : ब्लॉक करणं म्हणजेच घोस्टिंग. नाही. ‘यापुढे बोलायचं नाही’ असं सांगून ब्लॉक केलं, तर ते घोस्टिंग नव्हे. आणि ब्लॉक न करताही घोस्टिंग होतं.

गैरसमज : घोस्ट करणारा नेहमी वाईटच. धमकावणाऱ्या, पाठलाग करणाऱ्या माणसाला कारण सांगायला कुणी बांधील नाही. तिथे गप्प होऊन दूर जाणं हा बचाव आहे.

गैरसमज : हे आजच्या मुलांचं खूळ आहे. या बाबतीत मोठ्यांनी जरा आठवून पाहावं. कांदेपोहे झाले, ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणाले आणि पुढे निरोपच नाही. मध्यस्थानं विचारलं, तरी टाळाटाळ. मुलीकडच्यांनी महिनोन् महिने वाट पाहिली. याला तेव्हा नाव नव्हतं, इतकंच. उलट ‘पत्रिका जुळत नाही’ असं कळवणारे पुष्कळदा सबबच सांगत होते. पण ते उत्तर होतं, आणि त्यामुळे मुलीकडचे दुसरं स्थळ पाहायला मोकळे झाले.

म्हणून कुणी घोस्ट केलं असं म्हणण्याआधी एक स्पष्ट निरोप पाठवा : ‘शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर नकार समजतो.’ मग एकदा दुसऱ्या मार्गानं, फोननं किंवा ओळखीच्या माणसाकरवी विचारा. त्यानंतरही समोरून काहीच आलं नाही, तर तो शब्द खुशाल वापरा.