रविवारचा कॉम्प्रेसर पहिल्या ओळीत

चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभाग सांभाळणाऱ्या अभियंत्याने लिंक्डइनवर टाकायची पोस्ट मला वाचायला पाठवली. सुरुवात अशी होती: ‘नमस्कार मित्रांनो! ऊर्जाबचत ही आज काळाची गरज आहे. या क्षेत्रातल्या पंधरा वर्षांच्या अनुभवातून आज आपल्यासमोर काही विचार मांडताना मला आनंद होत आहे.’ खरी गोष्ट सातव्या वाक्यात होती आणि ती उत्तम होती. तिथपर्यंत कुणी पोचलं नसतं, एवढाच प्रश्न होता.

लिंक्डइनवर पोस्ट ३००० अक्षरचिन्हांपर्यंत लिहिता येते, पण स्क्रोल करणाऱ्याला तिच्या वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात. मग ‘…more’ येतं. त्यावर बोट ठेवायचं की पुढे सरकायचं, हे त्या दोन-तीन ओळींवर ठरतं. मध्ये रिकामी ओळ सोडली तर तीही त्यातच मोजली जाते. म्हणजे ‘नमस्कार मित्रांनो’ लिहून खाली एक ओळ मोकळी ठेवली की बरीचशी जागा संपलीच.

नमस्काराने सुरुवात करणं हा आपल्यावरचा संस्कार आहे. पत्रात स.न.वि.वि. लिहितो, सभेत आधी व्यासपीठावरच्यांची नावं घेतो, आणि तिथे ते शोभतं. पत्र उघडणाऱ्याने ते वाचायचं ठरवलेलं असतं, सभेतला श्रोता खुर्चीत बसलेला असतो. फोनवर बोट सरकवणारा माणूस अजून बसलेलाच नसतो. शिवाय तुमचं नाव, फोटो आणि हुद्दा पोस्टच्या डोक्यावर आपोआप येतो. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ पुन्हा सांगून काही मिळत नाही.

मी त्यांना फोन करून विचारलं, “टपरीवर चहा घेताना सहकाऱ्याला हे सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतं?” ते लगेच म्हणाले, “ताई, रविवारी कंपनीत चिटपाखरू नव्हतं, तरी कॉम्प्रेसर लोड घेत होता!”

सातव्या वाक्यातली गोष्ट हीच होती. सगळी यंत्रं बंद, हवा वापरणारं कुणी नाही, तरी दर चार मिनिटांतलं एक मिनिट कॉम्प्रेसर हवा भरत होता. ती हवा गळतीशिवाय जाणार कुठे? एक मिनिट लोड, तीन मिनिटं अनलोड, म्हणजे त्याच्या क्षमतेचा चौथा हिस्सा पाइपांच्या सांध्यांतून निसटत होता. हे मोजायला महागडं उपकरण लागलं नाही. सुट्टीचा दिवस आणि हातातलं घड्याळ एवढंच लागलं.

त्यांनी नवी पहिली ओळ लिहून पाठवली: ‘ही एक चूक तुमच्या कारखान्याला महागात पडतेय!’ नमस्कार गेला होता, पण ही नुसती दवंडी होती. कुठली चूक, ते कळत नव्हतं. ही ओळ कुणाच्याही नावाखाली, कुठल्याही विषयावर चालली असती आणि मी पहिली ओळ याच कसोटीवर घासून बघते. जी ओळ फक्त याच माणसाला लिहिता आली असती, तीच ठेवायची. वाचणारा ‘…more’ न दाबता पुढे गेला तरी त्याच्या हाती काहीतरी लागलेलं असावं.

दुसरा प्रयत्न होता: ‘आमची २५ टक्के वीज वाया जात होती.’ ओळ ठसठशीत होती, पण चुकीची. चौथा हिस्सा होता तो कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा, कारखान्याच्या वीजबिलाचा नव्हे. वाक्य आखूड करताना नेमकी अशी अट गळून पडते. मग जाणकार वाचक पहिल्याच ओळीला थांबतो आणि पुढच्या खऱ्या मोजमापावरही त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून छाटलेली ओळ मूळ नोंदीशी पुन्हा ताडून बघायची.

शेवटी ठरलं ते असं: ‘रविवारी कारखाना बंद होता, तरी कॉम्प्रेसर दर चार मिनिटांतलं एक मिनिट हवा भरत होता. ती सगळी हवा गळतीत जात होती.’

मग उरलेल्या मजकुराकडे वळलो. ‘काळाची गरज’ पूर्ण काढलं. मोजायची रीत दुसऱ्या परिच्छेदात आली. तिच्याच पाठोपाठ मर्यादा लिहिली, की वेग बदलत चालणाऱ्या कॉम्प्रेसरवर लोड-अनलोडची ही युक्ती लागू पडत नाही. पुढे दुरुस्तीनंतरचा आकडा, दहा मिनिटांत एक मिनिट. आभाराच्या चार ओळींतून एक ठेवली आणि ती तळाशी नेली. साबणाचं पाणी लावून एकेक सांधा तपासणाऱ्या फिटरचं नाव तिच्यात होतं. पहिल्या मसुद्यात ते नुसतं ‘माझी टीम’ या शब्दांत बुडून गेलं होतं.