दोन दिवसांच्या भाड्यात महिना

दौंडला राहून पुण्यात नोकरी करणाऱ्या कारकुनाला घरातले, शेजारचे, सगळेच एक प्रश्न विचारतात: रोज एसटीने जातोस की रेल्वेने? मी ही ये-जा काही वर्षे केली आहे. त्या काळात दोन्ही पास खिशात बाळगून पाहिले. आधी पैशांचा हिशेब मांडतो, कारण तो लोक बहुधा अर्धाच करतात.

दौंड ते पुणे रेल्वेने सुमारे 76 किलोमीटर आहे. रस्त्याने थोडे जास्त पडते. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते आणि जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे 10 रुपये 5 पैसे पडतात. चौदा टप्पे धरले तर एकेरी भाडे सुमारे 140 रुपये आणि जाऊन-येऊन 280. एसटीच्या मासिक पासाचा नियम असा आहे की वीस दिवसांचे भाडे भरायचे आणि तीस दिवस फिरायचे. म्हणजे महिन्याला 5,600 रुपये झाले.

ऐकायला ही सवलत मोठी वाटते. पण कारकून महिन्यातले किती दिवस प्रवास करतो? राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. वर्षातले शनिवार-रविवार काढले की 261 दिवस उरतात. त्यातून आठवड्यात येणाऱ्या सणांच्या वीसेक सुट्ट्या आणि आठ किरकोळ रजा वजा केल्या की उरतात 233 च्या आसपास, म्हणजे महिन्याला जेमतेम साडेएकोणीस. वीस दिवसांचे पैसे भरून माणूस साडेएकोणीस दिवस प्रवास करतो. रोज तिकीट काढले तरी तेवढेच झाले असते. त्रैमासिक पास मात्र नव्वद दिवसांसाठी पन्नास दिवसांचे भाडे घेतो. तीन महिन्यांत प्रवासाचे दिवस अठ्ठावन्नच्या पुढेमागे होतात, तेव्हा आठ दिवसांचे पैसे खरोखर वाचतात. सहा दिवस चालणाऱ्या खासगी कचेरीत जाणाऱ्याला मासिक पासही परवडतो. पाच दिवसवाल्याने एसटीचा पास काढायचाच असेल तर तीन महिन्यांचा काढावा.

बायकांचे गणित तर पूर्ण वेगळे आहे. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. दौंडहून येणारीला रोजचे 140 रुपये, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजारांच्या आसपास पडतात. 5,600 च्या पासापेक्षा रोजचे तिकीट तिला निम्म्यात पडते. तरीही ‘रोज येतेस तर पास का काढत नाहीस’ असे तिला अजून सांगितले जाते. कारण पास स्वस्तच असतो, असे आपण लहानपणापासून धरून चालतो.

आता रेल्वे. दौंड-पुणे दुसऱ्या वर्गाचा मासिक पास पाचशे रुपयांच्या आत येतो. एसटीने दोन दिवस जाऊन-येऊन 560 रुपये लागतात, त्यात रेल्वेचा अख्खा महिना निघतो. तिमाही पास तीनपट नव्हे, मासिकाच्या 2.7 पटच असतो. पैशांपुरते बोलायचे तर वादच उरत नाही.

उरतो तो भरवशाचा. इथे गाडी सरासरी किती मिनिटे उशिरा येते, हे विचारून कारकुनाला फारसा उपयोग नाही. सरासरी दहा मिनिटे उशीर असेल तर तो आधीची गाडी पकडतो आणि मोकळा होतो. त्याला मारतो तो महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस. बऱ्याच कार्यालयांत तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जाते. म्हणून विचारायचे ते हे, की महिन्यातून किती वेळा पाऊण तासाहून जास्त खोळंबा होतो, आणि तो झाला तर दुसरी वाट आहे का.

रेल्वेचा खोळंबा कुठे होतो ते नेहमीच्या प्रवाशाला ठाऊक असते. या मार्गावर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या एकाच रुळावरून धावतात. उशिरा आलेल्या एक्स्प्रेसला वाट द्यायला पॅसेंजर केडगावला किंवा यवतला बाजूच्या लाइनीवर उभी राहते. सिग्नल लाल, शेजारचा रूळ मोकळा, आणि पाच मिनिटांनी दणदणत एखादी गाडी निघून गेली की समजावे, आता आपण सुटू. दोन गाड्या निघून गेल्या तरी आपण तिथेच असू, तर साहेबांना फोन करून ठेवावा. दुसरी अडचण दौंडचीच आहे. नगरकडून येणाऱ्या काही गाड्या दौंड स्थानकात न येता कॉर्ड लाइनवरच्या वेगळ्या स्थानकावर थांबून पुढे जातात. गाडी ‘दौंडला थांबते’ एवढे ऐकून मुख्य फलाटावर उभा राहिलेला नवखा माणूस ती चुकवतो.

एसटीची अडचण उलटी आहे. दौंड सोडल्यापासून यवतपर्यंत गाडी सरळ येते, आणि लोणी काळभोरच्या पुढे हडपसरच्या तोंडाशी अडकते. तिथला वेळ पावसावर, सणावर, उलटलेल्या एखाद्या ट्रकवर ठरतो आणि आधी कळत नाही. शहराच्या शेवटच्या पाचसहा किलोमीटरला कधी बाकीच्या सगळ्या रस्त्याइतका वेळ जातो. रेल्वे उशिरा आली तरी पुणे स्टेशनात आणून सोडते, आणि सेंट्रल बिल्डिंग, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद तिथून चालत जाण्याजोगी आहेत. नोकरी स्वारगेटच्या बाजूला असेल तर मात्र हा फायदा निघून जातो.

थकव्याबद्दल लोक ‘बसायला जागा मिळते का’ एवढेच विचारतात. दौंड हे सकाळच्या पॅसेंजरचे सुरुवातीचे स्थानक आहे, म्हणून तिथल्याला जागा मिळते. उरुळीला चढणाऱ्याला ती क्वचितच मिळते, आणि त्याच्यासाठी महामार्गावरची बस जास्त बरी असू शकते. सल्ला गावागणिक बदलतो तो असा. पण जागा मिळूनही दोन्हीचा थकवा सारखा नसतो. बसमध्ये दर मिनिटाला ब्रेक लागतो, क्लच सुटतो, आणि अंग नकळत स्वतःला सावरत राहते. त्यात मागच्या चाकाच्याही मागची सीट मिळाली तर प्रत्येक गतिरोधकाला कंबर उचलून आपटते. एसटीनेच जायचे असेल तर दोन चाकांच्या मधली सीट धरावी. रेल्वेत पाय मोकळे करता येतात, उठून दाराशी जाता येते, डोळा लागला तरी मान गळून पडत नाही. पन्नाशीच्या माणसाला आणखी एक काळजी असते, ती मोठ्याने कुणी बोलत नाही: दोन तास लघवी अडवून धरण्याची. ज्या डब्यांत शौचालय असते, तिथे ती काळजी राहत नाही. बसमध्ये ती असते, आणि तिच्यामुळे सकाळी पाणी न पिता निघणारे लोक मी पाहिले आहेत. संध्याकाळी त्यांचे डोके दुखते आणि ते प्रवासाला दोष देतात.

म्हणून माझे मत असे झाले की रेल्वेचा पास काढावा आणि एसटीसाठी वरकड पैसे बाजूला ठेवावे. रेल्वेचा पास इतका स्वस्त आहे की तो काढूनही महिन्यातले चार दिवस बसने परत आलो तरी 560 रुपयेच जास्त जातात. एकूण खर्च हजाराच्या आसपास राहतो. एसटीचा 5,600 चा पास असेल, तर रेल्वेने गेलेला प्रत्येक दिवस वाया गेल्यासारखा वाटतो आणि माणूस हडपसरला अडकायचे हे माहीत असूनही बसमध्येच चढतो. 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला तो महिनोन् महिने चालला. एकाच साधनावर सगळे पैसे लावलेल्यांचे तेव्हा काय झाले, ते दौंडच्या स्टँडवर रोज दिसत होते.

दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. रेल्वेचा पास आरक्षित डब्यात चालत नाही, त्यात चढलेल्याला दंड होतो. सुपरफास्ट गाडीसाठी वेगळा अधिभार भरावा लागतो. आणि पास संपण्याची तारीख ही सहसा नेमकी त्या सोमवारची असते, जेव्हा खिडकीसमोर सगळ्यात लांब रांग असते. म्हणून तो आदल्या आठवड्यातच पुढे वाढवून घ्यावा, मोबाइलवरही तो वाढवता येतो.