किंमत दिसते, मर्यादा दिसत नाही

जूनचे पहिले दोन आठवडे म्हणजे वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराला जेवायलाही फुरसत नसते. साताऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या एका काकांनी मे महिन्याच्या शेवटी फोनवर ‘billing software price’ असं टाकून शोधलं. आलेल्या यादीत एका ओळीवर ‘फक्त ₹१२५ पासून’ असं होतं, म्हणून त्यांनी ती उघडली. १२५ हा महिन्याचा हिशेब होता, पैसे मात्र वर्षाचे एकदम भरायचे होते. १,५०० आणि वर १८ टक्के जीएसटीचे २७० मिळून १,७७० रुपये गेले. काकांनी तेही चालवून घेतलं. मग १३ जूनला दुपारी, गिऱ्हाईक पायरीपर्यंत उभं असताना, संगणकावर पाटी आली की या महिन्याची ५०० बिलं संपली आहेत, प्लॅन वाढवा.

त्यांच्याकडे रोज सरासरी ४० बिलं होतात. १२ दिवसांची ४८० झाली आणि तेराव्या दिवशी विसावं बिल निघाल्यावर मशीन थांबलं. उरलेला दिवस त्यांनी छापील बिलबुकावर काढला. जीएसटीच्या नियमात बिलांच्या एकाहून जास्त मालिका चालतात, त्यामुळे तिथे अडचण आली नाही, पण ती सगळी बिलं रात्री बसून पुन्हा चढवावी लागली. ५०० ची अट त्या कंपनीने लिहिलीच नव्हती असं नाही. ती किमतीच्या तक्त्यात, एका बारीक ‘i’ खुणेवर बोट ठेवलं तरच उघडणाऱ्या चौकटीत होती.

काकांची फसगत त्या चौकटीपाशी झाली नाही. ती त्याच्या आधी, शोधाच्या यादीतच सुरू झाली होती. गूगलच्या यादीत प्रत्येक निकालाला एक ठळक ओळ असते आणि तिच्याखाली दोन-तीन ओळींचा मजकूर असतो. पहिली ओळ बहुतेक वेळा पानाच्या ‘टायटल’मधून येते. खालचा मजकूर कधी पानाच्या ‘डिस्क्रिप्शन’मधून येतो, तर कधी गूगल तो पानावरूनच उचलतं. दुकानदार निवड करतो ती या तीन-चार ओळींवर. नंतर आत काहीही लिहिलेलं असो, त्याच्या मनात आकडा बसलेला असतो.

छोट्या कंपनीचीही इथे एक खरी अडचण आहे. लोक ‘price’, ‘free’, ‘one time payment’, ‘lifetime’ असे शब्द टाकून शोधतात. ते शब्द ओळीत नसले तर आपलं पान बिनकामाचं वाटतं, म्हणून सगळे कोंबले जातात: ‘फ्री बिलिंग सॉफ्टवेअर, सर्वात स्वस्त, लाइफटाइम’. माझ्या मते यातला ‘किंमत’ हा शब्द हवाच, कारण पान किमतीचंच आहे. ‘मोफत’ लिहायचं तर त्याच दमात किती बिलं मोफत तेही लिहायचं. आणि एकदाच पैसे भरून कायमचं मिळण्याची सोय नसेल, तर ‘लाइफटाइम’ या शब्दाला टायटलमध्ये जागाच नाही.

आता काकांनी घेतलं तसंच सॉफ्टवेअर समोर ठेवून ओळी लिहून पाहू. नाव ‘अबक’ धरू. मोफत प्लॅनमध्ये महिन्याला ५० बिलं, मधल्यात ५०० बिलं आणि १ संगणक, वरच्यात हवी तितकी बिलं आणि ३ संगणक. मधल्याचे वर्षाला १,५०० आणि वरच्याचे ३,६००. जीएसटी धरून १,७७० आणि ४,२४८.

```html
<title>बिलिंग सॉफ्टवेअरची किंमत: वर्षाला ₹१,७७० पासून | अबक</title>
<meta name="description" content="मोफत: महिन्याला ५० बिलं. ₹१,७७०: महिन्याला ५०० बिलं, १ संगणक. ₹४,२४८: हवी तितकी बिलं, ३ संगणक. दर वर्षाचे, जीएसटीसह.">
```

इथे प्रत्येक आकड्याला त्याची मर्यादा चिकटून आहे, आणि ते मुद्दाम केलं आहे. डिस्क्रिप्शनला गूगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही, पण पडद्यावर मावेल तेवढंच दिसतं आणि बाकीचं तुटतं. तीनही किमती आधी आणि सगळ्या मर्यादा शेवटी लिहिल्या, तर फोनवर नेमक्या मर्यादाच गळतात. चिकटवून लिहिल्यावर शेपूट तुटलं तरी जेवढं दिसतं तेवढं खरं राहतं. ‘वर्षाला’ हा शब्द टायटलमध्ये आकड्याच्या आधी आहे तोही यासाठीच. जीएसटी धरून आकडा लिहावा असं मी म्हणते, कारण कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला त्या कराचा परतावा मिळत नाही. त्याच्या खिशातून १,७७० च जातात.

एवढं करून काम संपत नाही. गूगल डिस्क्रिप्शन बाजूला ठेवून, शोधणाऱ्याच्या शब्दांशी जुळणारा मजकूर पानावरून घेतं, आणि असं वारंवार होतं. पानावर ‘₹१२५ पासून सुरू’ हे मोठ्या अक्षरांत साधं वाक्य असेल आणि मर्यादा फक्त बरोबरच्या खुणांच्या तक्त्यात असतील, तर यादीत काय झळकण्याची शक्यता जास्त, हे सांगायला नको. म्हणून तक्त्याच्या वर, साध्या वाक्यात लिहावं: ‘₹१,७७० च्या प्लॅनमध्ये महिन्याला ५०० बिलं निघतात, त्यानंतर नवीन बिल निघत नाही, जुनी बिलं बघता आणि छापता येतात.’ मर्यादा संपल्यावर नेमकं काय होतं, हे सांगणारं हे अर्धं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. काकांना तेच मिळालं नव्हतं.

टायटलचंही तसंच. ते पानावरच्या मुख्य मथळ्याशी जुळत नसेल किंवा जुनं झालं असेल, तर गूगल स्वतःच दुसरी ओळ बनवू शकतं. दर बदलला की टायटल, डिस्क्रिप्शन, मथळा आणि तक्ता एकाच वेळी बदलले पाहिजेत, म्हणून चारही ठिकाणचा आकडा एकाच जागेवरून येईल अशी सोय प्रोग्रामरकडून करून घ्यावी. त्यानंतरही गूगल पान पुन्हा वाचेपर्यंत यादीत जुना दर राहतो. सर्च कन्सोलमध्ये पुन्हा वाचण्याची विनंती करता येते, पण ते केव्हा होईल याची खात्री नसते. त्या मधल्या दिवसांत जुना दर पाहून आलेल्या माणसाला जुन्याच दराने द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचंही इकडे लक्ष आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात किमतीचे भाग आधी न सांगता नंतर एकेक करून उघड करणं, आणि पुढे वापरायला पैसे लागतात हे नीट न सांगता ‘मोफत’ म्हणणं, हे दोन्ही प्रकार येतात.

बदलाचा परिणाम पाहायचा तर सर्च कन्सोलमध्ये फक्त किमतीचं पान निवडावं आणि बदलाआधीचे २८ दिवस नंतरच्या २८ दिवसांशी ताडून पाहावेत. ‘free’ असलेले शोध आणि ‘price’ असलेले शोध वेगळे काढावेत, नाहीतर सरासरीत काहीच कळत नाही. ‘free’वरून येणारे क्लिक बहुधा घटतील, आणि मालकाला ते पाहून धसका बसतो. पण घटणाऱ्यांत बरेच जण ५० बिलांत भागणार नाही म्हणून परत जाणारेच असतात. त्याच्या जोडीला फोन घेणाऱ्या मुलीजवळ एक वही द्यावी आणि ‘जीएसटी धरून किती?’, ‘बिलं का थांबली?’ हे दोन प्रश्न दिवसाला कितीदा आले, तेवढ्या रेघा मारायला सांगावं. जूनमधल्या रेघा आधीच्या जूनशी ताडाव्यात, मे महिन्याशी नव्हे.

काकांनी शेवटी वरचा प्लॅन घेतला. दिवसाला ४० बिलं करणाऱ्याला तोच लागणार होता, आणि मे महिन्यात ४,२४८ चा आकडा ५०० च्या अटीशेजारी दिसला असता तर त्यांनी तेव्हाच तो घेतला असता, असं ते मला दोनदा म्हणाले.